दहा बाय अकराच्या बेडरूममध्ये व्यायामाचा कोपरा बसवायचाय, पण मॅट अंथरायलाच जागा नाही

मधुरा_पाथर्डीफाटा · रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ आमचा टू बीएचके आहे. मी रोज सकाळी पाऊण तास आसनं करते, नवरा डंबेल्स आणि रबराचे बँड वापरतो, आणि सासूबाईंनी आता प्राणायाम सुरू केलाय. हॉलमध्ये सकाळी मुलीची शाळेची गडबड असते, म्हणून हे सगळं बेडरूममध्ये हलवायचं ठरवलंय.

खोली दहा बाय अकरा. दक्षिणेच्या दहा फुटी भिंतीला पलंगाचं डोकं, पलंग सहा बाय साडेसहा, आणि तो बरोबर मधोमध. म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन फुटांच्या पट्ट्या उरतात. समोरच्या उत्तरेच्या भिंतीला सात फुटी कपाट आणि उरलेल्या तीन फुटांत खोलीचं दार. दार आत उघडून पश्चिमेच्या भिंतीला टेकतं. पूर्वेला खिडकी.

आत्ता मॅट कपाटावर, डंबेल्स पलंगाच्या पायाशी, बँड दाराच्या कडीला. रोज हे सगळं काढा आणि ठेवा यात निम्मा उत्साह संपतो. सुतार बोलवायच्या आधी तुमच्याकडून ऐकायचंय.

कुलकर्णी_काका · रविवार, रात्री १०.१५

ताई, खोलीत कोंडून व्यायाम कशाला? मी गेली अठरा वर्षं गोल्फ क्लब मैदानावर जातो. पहाटे साडेपाचला गेलात तर मोकळी हवा, ओळखीची माणसं, आणि जागेचा प्रश्नच नाही. रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या चढा. याला खर्च शून्य.

मधुरा_पाथर्डीफाटा · रविवार, रात्री १०.३२

काका, तुमचं खरं आहे. पण साडेपाचला मुलीचा डबा असतो आणि सासूबाईंना घराबाहेर एवढ्या लवकर नेता येत नाही. शिवाय जून ते सप्टेंबर मैदानाचं काय करायचं? मला घरातच हवंय.

रंधा · सोमवार, सकाळी ७.०५

मी फर्निचरचं काम करतो, अंबडला छोटा कारखाना आहे. तुम्ही मापं नीट दिलीत म्हणून बोलता येतंय.

पलंग मधोमध ठेवून दोन्ही बाजूंना दोन फूट सोडणं हीच इथली अडचण आहे. दोन फुटांची पट्टी चालायला पुरते, बाकी कशालाच पुरत नाही. पलंग पूर्वेच्या भिंतीकडे सरकवा. भिंतीपासून दोन-तीन इंच सोडा म्हणजे चादर खोचायला हात जाईल आणि पडदा अडकणार नाही. पश्चिमेला जवळपास चार फुटांची सलग पट्टी मिळेल. तिची लांबी अकरा फूट, त्यातले तीन फूट दार फिरायला गेले तरी आठ फूट उरतात. मॅट सहा बाय दोनची. बसली.

आता एक गोष्ट आधी मोजा. जमिनीपासून पंख्याच्या पात्यापर्यंत किती उंची आहे? आणि घरातल्या प्रत्येकाने सरळ उभं राहून हात वर केले की बोटं कुठे पोचतात, तेही भिंतीवर पेन्सिलने खूण करून बघा.

पहिलवान_सातपूर · सोमवार, सकाळी ८.२०

मॅट घेताना जाडच घ्या. बारा-पंधरा मिलिमीटर. पातळ मॅटवर गुडघे आणि मणका जातो. मी पंधराची वापरतो, गादीसारखी आहे. आणि दारातल्या चौकटीत स्प्रिंगचा पुल-अप बार लावून टाका, जागा लागत नाही, भोक पाडायला लागत नाही. वीस-पंचवीस पुल-अप्स मारले की जिमची गरज नाही.

सुनंदा_गंगापूररोड · सोमवार, सकाळी ११.५०

पहिलवान, पाठीवर झोपून पोटाचे व्यायाम करायचे असतील तर तुमचं बरोबर आहे. गुडघे टेकायच्या प्रकारांनाही जाड बरी. पण मधुरा आसनं करते. जाड, मऊ मॅटवर वृक्षासनात उभी राहिली की पायाचा तळवा आत रुततो, घोटा सतत डगमगतो आणि सगळं लक्ष तोल सावरण्यात जातं. त्रिकोणासनात मागचा पाय हळूहळू घसरतो. मी वीस वर्षं अय्यंगार पद्धतीने शिकवते. वर्गात चार ते सहा मिलिमीटरच्या मॅट असतात आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना चौघडी घातलेली चादर गुडघ्याखाली देते. घरीही तेच करा.

रंधांनी सांगितलेली चार फुटी पट्टी आसनांसाठी लहान वाटेल, पण तशी नाही. बहुतेक उभी आसनं मॅटच्या लांबीतच होतात. त्रिकोणासन, वीरभद्रासन घ्या, पाय लांबीत फाकतात आणि हातही लांबीतच पसरतात. ताडासनातून हात बाजूला नेताना पलंगाकडे सरकून उभं राहिलं तर एक हात पलंगाच्या वरून जातो. पलंग गुडघ्याएवढाच उंच असतो, तो खांद्याच्या पातळीवर आड येत नाही. जमिनीवर लागणारी रुंदी आणि खांद्यापाशी लागणारी रुंदी वेगळी असते, आणि लोक खोली मोजताना दोन्ही एकच धरतात.

अडेल ते एकाच ठिकाणी: पाठीवर झोपून दोन्ही हात बाजूला पसरून कमरेतून वळायचं असतं तिथे. हातांचा पसारा जवळपास आपल्या उंचीएवढा असतो. चार फुटांत तो मावणार नाही. कोपरातून हात काटकोनात वाकवायचे, म्हणजे भागतं. खांद्याला ताण थोडा कमी मिळतो, एवढंच.

मधुरा_पाथर्डीफाटा · सोमवार, रात्री ९.१०

आज तिघांनी खुणा केल्या. पंख्याचं पातं जमिनीपासून आठ फूट दोन इंचांवर आहे. माझी उंची पाच फूट चार, हात वर केले तर सहा फूट आठ इंच. नवरा पाच फूट दहा, त्याचा हात सात फूट चारपर्यंत जातो. तो उड्या मारत हात वर नेतो, तेव्हा काय करायचं?

सुनंदाताई, हातांचं खरंच तसंच निघालं. पलंग न हलवताच उभी राहून पाहिलं, पलंगाकडचा हात गादीच्या वरून मोकळा गेला.

रंधा · मंगळवार, सकाळी ७.१५

पंख्याचं सोपं आहे. तुमचा पंखा अठ्ठेचाळीस इंची असेल तर मध्यापासून पात्याचं टोक दोन फुटांवर. खोली दहा फूट रुंद, पंखा मधोमध पाच फुटांवर. म्हणजे पश्चिमेच्या भिंतीपासून तीन फुटांपर्यंत डोक्यावर पंखा नाही. मॅट भिंतीपासून सहा इंच सोडून घातली की ती अडीच फुटांत संपते. तुम्ही पंख्याच्या बाहेर. पण साहेब उडी मारून फूटभर वर गेले तर त्यांचा हात आठ फूट चारच्या आसपास, हातात काही असलं तर आणखी वर. त्यांनी उड्यांचे प्रकार मॅटवरच करावेत, पलंगाकडे सरकत जाऊ नये. आणि दोरीच्या उड्या या खोलीत अजिबात नाहीत, दोरी पात्यात अडकते. त्या गच्चीवर.

पहिलवान, चौकटीतल्या बारबद्दल मला थांबवावंसं वाटतं. तो बार चौकटीला दोन्ही बाजूंनी ढकलून उभा राहतो. जुन्या घरात सागाची जाड चौकट विटांत धरून बसवलेली असायची, तिथे कदाचित चाललं असेल. आताच्या फ्लॅटमध्ये चौकट बारीक आणि भिंत हलक्या ब्लॉकची. मी दोन घरी गेलोय जिथे चौकट हलून प्लास्टरला उभी चीर गेली होती आणि दार घासायला लागलं होतं. बार लावायचाच तर काँक्रीटच्या बीममध्ये, अँकर बोल्टने. भिंतीत नाही.

पहिलवान_सातपूर · मंगळवार, सकाळी ९.००

माझा तीन वर्षं झाली टिकलाय.

रंधा · मंगळवार, सकाळी ९.३०

तुमची भिंत कशाची आहे?

पहिलवान_सातपूर · मंगळवार, सकाळी ९.४१

जुनी, लाल विटांची, नऊ इंची.

रंधा · मंगळवार, दुपारी १.२०

तेच म्हणतोय. मधुराताई, तुमची भिंत कशाची हे ड्रिलच्या भुश्श्यावरून कळतं. लाल भुसा आला तर लाल वीट. राखाडी आणि जरा खरखरीत आला तर राखेची वीट, एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या राखेमुळे आपल्याकडे ती भरपूर वापरतात. पांढरा, पिठासारखा, आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखं गेलं तर हलका ब्लॉक. हलक्या ब्लॉकमध्ये साधा प्लॅस्टिकचा गुल्ला पहिल्या दिवशी घट्ट वाटतो आणि महिन्याभरात फिरायला लागतो. त्यासाठी वेगळे लांब, पीळदार नायलॉनचे गुल्ले मिळतात, हार्डवेअरवाल्याला ब्लॉकचे म्हणून सांगायचं.

सिडकोची_स्नेहा · मंगळवार, रात्री १०.०५

मी मध्येच माझं विचारते. सिडकोत भाड्याने राहतो. घरमालक खिळाही ठोकू देत नाहीत. मी मॅट दिवाणाच्या पेटीत ठेवायची. मागच्या ऑगस्टमध्ये काढली तर कुबट वास आणि कडेला काळे ठिपके. धुतली, उन्हात वाळवली, तर दोन महिन्यांत वरचा थर सोलवटायला लागला. साडेअकराशेची मॅट होती. माझं काय चुकलं?

सुनंदा_गंगापूररोड · बुधवार, सकाळी ११.३०

स्नेहा, दोन गोष्टी एकामागून एक झाल्या. आधी घामाने ओली मॅट लगेच गुंडाळून बंद पेटीत गेली. मॅट गुंडाळली की आतल्या वेटोळ्यांना वारा लागत नाही आणि पावसाळ्यात आपल्याकडची हवाच दमट. बुरशी धरणारच. मग ती घालवायला कडक ऊन दिलंस, आणि उन्हाने रबर, फोम दोन्ही कडक होतात, वरचा थर सुटतो.

झाल्यावर ओल्या फडक्याने पुसायची, मग दोरीवर किंवा खुर्चीच्या पाठीवर सावलीत पसरून वीस मिनिटं ठेवायची, मगच गुंडाळायची. गुंडाळताना वरची बाजू बाहेर ठेवायची, म्हणजे अंथरल्यावर टोकं वर उचलली जात नाहीत. फार घाम येत असेल तर मॅटवर पातळ सुती सतरंजी घाल. ती धुता येते, मॅट धुवावी लागत नाही. फक्त हात-पाय जोर देऊन रोवायच्या आसनांना ती काढायची, सरकते.

काळे ठिपके खोल गेले असतील तर ती मॅट सोड. तोंडाजवळ येते ती.

रंधा · बुधवार, दुपारी १.४५

यावरूनच मधुराताईंच्या कपाटाचं ठरतं. मॅट बंद दारामागे नको. उभा, समोरून उघडा कप्पा हवा.

मापांचं सांगतो, कारण इथेच चुका होतात. सहा मिलिमीटरची सहा फुटी मॅट गुंडाळली की व्यास साधारण पाच इंच. दहा मिलिमीटरची केली तर साडेसहाच्या आसपास. नेटवर चित्रं बघून लोक प्लंबरकडून चार इंची पाइपचे तुकडे आणून भिंतीवर लावतात, आणि मग मॅट आत जातच नाही. सहा इंची पाइप लागतो. पण पाइपात मागून वारा लागत नाही, म्हणून मला कप्पा बरा वाटतो.

जागा सांगतो. पट्टीच्या दक्षिण टोकाला, पलंगाच्या उशाशी, दहा इंच खोल आणि तीस इंच रुंद असं उभं युनिट. पलंग सरकवल्यावर तिथे पावणेचार फूट रुंद जागा आहे, म्हणजे युनिट आणि पलंगात सव्वा फूट उरतो, तिथे पाण्याचा तांब्या आणि मोबाइलसाठी छोटी फळी. युनिटची उंची चार फूट. खालचे आठ इंच तळ न घालता मोकळे सोडायचे, डंबेल्स थेट फरशीवर, रबराच्या तुकड्यावर. डंबेल्स ड्रॉवरमध्ये घालू नका. दहा-वीस किलो रोज ओढून साधे चॅनेल वाकतात आणि ड्रॉवर खाली लोंबतो. मधल्या भागात मॅट आणि बैठकीचा लोड उभे. वर आडवा कप्पा, आसनांच्या विटा, पट्टे, चादरी.

आठ फुटांच्या पट्टीतून दहा इंच गेले. शहाऐंशी इंच उरले. तुम्ही पाठीवर झोपून हात डोक्यावरून मागे नेलेत तर ऐंशी इंच. साहेबांचे अठ्ठ्याऐंशी.

मधुरा_पाथर्डीफाटा · बुधवार, रात्री ९.३०

म्हणजे नवऱ्याचे हात युनिटला लागणार!

रंधा · गुरुवार, सकाळी ७.००

दोन इंचांनी. त्यांनी पाय दाराच्या बाजूला करायचे, दार लावलं की ते तीन फूटही मोकळेच असतात. डोकं मात्र दाराकडे नको. कोणी बाहेरून दार ढकललं तर सरळ टाळूवर बसतं. आतून कडी लावायची सवय हवी.

आणखी दोन प्रश्न. पश्चिमेची भिंत बाहेरची आहे का? आणि पलंग मधोमध होता म्हणजे उशाशी दोन्हीकडे बटणांचे बोर्ड असतील. पश्चिमेकडचा बोर्ड कोपऱ्यापासून किती अंतरावर आहे?

मधुरा_पाथर्डीफाटा · गुरुवार, दुपारी २.१०

भिंत बाहेरची. बोर्ड कोपऱ्यापासून दीड फुटावर, जमिनीपासून अडीच फूट. अरे देवा, तो युनिटच्या मागे जातोय.

रंधा · गुरुवार, संध्याकाळी ६.५०

म्हणून विचारलं. युनिटला पाठ लावू नका, म्हणजे मॅटच्या कप्प्यातून हात घालून बटण दाबता येईल. नाहीतर बोर्डाच्या जागी पाठीला चौकोन कापून घ्या. बोर्ड मॅटच्या मागे न येता दोन कप्प्यांच्या मधल्या मोकळ्या भागात येईल असे कप्पे पाडा.

चार फुटांचं आणि फक्त दहा इंच खोल युनिट पुढे कलंडू शकतं, घरात मूल आहे, ते भिंतीला धरलंच पाहिजे. पण बोर्डाच्या बरोबर वर किंवा खाली ड्रिल मारू नका. वायरचा पाइप भिंतीत उभा गेलेला असतो. तुमच्याकडे मी दक्षिणेच्या भिंतीला हातच लावणार नाही, पश्चिमेच्या भिंतीला बाजूने धरीन. ती बाहेरची आहे आणि आपल्याकडे पाऊस त्या अंगाने झोडपतो, म्हणून युनिट आणि भिंतीत इंचभर लाकडाची पट्टी घालून मगच स्क्रू. प्लाय थेट भिंतीला चिकटला तर ओल आत ओढतो.

सुनंदा_गंगापूररोड · गुरुवार, रात्री ८.१५

पश्चिमेच्या त्या भिंतीवर आरसा, फळी, चौकट काहीही लावू नकोस, एवढं माझं ऐक. तीन फूट रुंद कोरी भिंत सोड. विपरीत करणीसाठी भिंतीला नितंब टेकवून पाय वर नेले की धड आडवं जमिनीवर येतं, ते तीन फुटांत बसतं. पट्टी चार फुटांची आहे. सासूबाईंना पाय सुजण्याचा त्रास असेल तर दिवसातून दहा मिनिटं एवढंच आसन पुष्कळ. बोल्स्टर विकत घ्यायची गरज नाही. घरातला बैठकीचा लोड घ्या, पण कापूस दाबून भरलेला. मऊ, फोमचा लोड वजन पडलं की चपटा होतो. विटाही लाकडी घ्या, नऊ इंच लांब, साडेचार रुंद, तीन जाड. तिन्ही बाजूंनी तीन उंच्या मिळतात.

कुलकर्णी_काका · गुरुवार, रात्री ९.००

सगळं छान चाललंय. पण मॅट दक्षिणोत्तर पडतेय. सूर्यनमस्कार पूर्वेकडे तोंड करून घालायचे असतात. ताईंनी दक्षिणेकडे तोंड करून घालायचे का?

सुनंदा_गंगापूररोड · गुरुवार, रात्री ९.२०

काका, परंपरा तुम्ही म्हणता तीच आहे, मी नाकारत नाही. वर्गात मात्र जागेप्रमाणे दिशा घ्यावी लागते. सासूबाई प्राणायामाला बसतील तेव्हा मॅटवर खिडकीकडे तोंड करून बसू शकतात. नमस्कारासाठी मी उत्तरेकडे तोंड करायला सांगेन.

कुलकर्णी_काका · गुरुवार, रात्री ९.३५

नावातच सूर्य आहे. मला पटत नाही. पलंगच उत्तरेच्या बाजूला नेता येईल का ते बघा.

रंधा · शुक्रवार, सकाळी ७.१०

काका, उत्तरेला कपाट आहे, पलंग तिकडे नेला तर कपाटाची दारं उघडणार नाहीत. आत्ता पलंगाच्या पायथ्याशी अडीच फूट आहेत, दाराला दीड फूट लागतो.

सिडकोची_स्नेहा · शुक्रवार, दुपारी १२.४०

माझ्यासारख्या भाडेकरूंनी काय करायचं? भोक पाडता येत नाही.

रंधा · शुक्रवार, रात्री ८.३०

ताई, तुम्ही उंच काही उभं करू नका. अडीच फूट उंच, चाकांचा, समोरून उघडा खोका करून घ्या, खाली डंबेल्स ठेवले की वजन तळाशी येतं आणि तो कलंडत नाही. चार चाकांपैकी दोन लॉकवाली. व्यायामाच्या वेळी ओढून काढा, नंतर दिवाणाच्या टोकाला.

आणि तुम्ही दोघीही, डंबेल्स जिथे ठेवणार तिथली फरशी रुपयाच्या नाण्याने वाजवून बघा. टणटण आवाज आला तर खाली माल भरलेला आहे. पोकळ, भदभद आवाज आला तर फरशीखाली हवा आहे, तिथे पाच किलोचा डंबेल हातातून सुटला तर फरशीला तडा गेलाच म्हणून समजा. पातळ फोमच्या कोड्यासारख्या जोडायच्या चौकोनांवर विसंबू नका, वजन पडलं की ते दबून जातात. रबराचा जाड तुकडा घ्या.

पहिलवान_सातपूर · शुक्रवार, रात्री ९.४५

बँडसाठी एक सांगतो, हे माझ्या अनुभवाचं आहे. दारात बँड अडकवायचा असेल तर ओढल्यावर दार बंद व्हायच्या दिशेने जोर पडला पाहिजे. मी उलट्या बाजूने ओढला, कडी नीट बसली नव्हती, दार उघडलं आणि बँड तोंडावर आला. डोळा थोडक्यात वाचला. आणि बँड खिळ्याला टांगू नका, टोकाशी कापला जातो. लाकडाची जाड खुंटी लावा. पावसाळ्यात चिकटायला लागले तर थोडी पावडर लावून ठेवा.

रंधा · शुक्रवार, रात्री १०.००

पहिलवान, हे शंभर टक्के बरोबर. मधुराताईंच्या खोलीचं दार आत उघडतं, म्हणजे त्यांनी आत उभं राहून बँड ओढायचाच नाही.

मधुरा_पाथर्डीफाटा · तीन आठवड्यांनी, रविवार, सकाळी ११.२०

कळवायला उशीर झाला. काम झालंय, सगळं लिहिते.

पलंग आम्हीच दोघांनी सरकवला. पहिले चार दिवस भिंतीकडे कोणी झोपायचं यावर चर्चा, आता नवरा तिकडे झोपतो कारण मी आधी उठते. चादर घालणं मात्र त्रासाचं झालंय, तीन इंचांत हात जातो पण जोर लागत नाही. याला उपाय मिळाला नाही.

रंधादादांकडे तारीख नव्हती म्हणून आमच्या ओळखीच्या सुताराकडून युनिट करून घेतलं. प्लाय अठरा मिलिमीटरचा, साडेनऊ हजार, मजुरीसकट. त्याला कागदावर मापं लिहून दिली होती, तरी एक घोटाळा झालाच. मी "मॅटची रुंदी चोवीस इंच" लिहिलं होतं, त्याने मॅटच्या कप्प्याची आतली उंची बरोबर चोवीस इंच ठेवली. मॅट उभी आत जाईना. तिरकी करून ढकलावी लागायची आणि वरची कड फळीला घासून दोन दिवसांत खरवडली. त्याला परत बोलावलं, वरची फळी काढून सव्वीस इंचांवर बसवली, वरचा कप्पा तेवढा लहान झाला. आता एका हाताने मॅट निघते. कोणी करून घेणार असेल तर त्यांनी मॅटचं माप न देता कप्प्याचं माप द्यावं.

ड्रिल मारल्यावर पांढरं पीठ आलं. हलका ब्लॉक. रविवार कारंज्याजवळ हार्डवेअरच्या दुकानात ब्लॉकचे लांब गुल्ले मिळाले. मध्ये इंचाची पट्टी घालून पश्चिमेच्या भिंतीला धरलंय. मी वरच्या कडेला धरून पुढे ओढून पाहिलं, हललं नाही. बोर्ड मॅट आणि लोडाच्या मधल्या फटीत येतो, बटण सहज दाबता येतं.

नाणं वाजवलं तेव्हा कोपऱ्यातली एक फरशी पोकळ निघाली, म्हणून डंबेल्स शेजारच्या फरशीवर नेले. बँडसाठी खुंटी युनिटच्या बाजूला आहे, खिडकीचं ऊन तिथे येत नाही. नवरा आता बँड दारात अडकवतच नाही, पायाखाली धरून ओढतो.

कडीचं मात्र खरंच शिकायला मिळालं. मंगळवारी नवरा पाठीवर झोपला होता, पाय दाराकडे, कडी लावलेली नव्हती. मुलीने वही मागायला दार ढकललं ते त्याच्या घोट्यावर. डोकं असतं तर? आता कडीशेजारी कागद चिकटवलाय.

सासूबाईंचं विपरीत करणी सुरू आहे. लोड वापरतात. उठताना भिंतीला धरायला काही नाही म्हणून त्यांना मला हात द्यावा लागतो. सुनंदाताई, कोऱ्या भिंतीवर एखादा हँडल लावू का?

सुनंदा_गंगापूररोड · रविवार, दुपारी १.००

हँडलला धरून उठायची सवय लावू नकोस, आणि त्या ब्लॉकच्या भिंतीत अख्खं वजन झेलणारा हँडल मी सुचवणारही नाही. त्यांना आधी गुडघे छातीकडे घेऊन एका कुशीवर वळायला सांग, तसंच अर्धा मिनिट पडू दे, मग खालचं कोपर आणि वरच्या हाताचा तळवा जमिनीवर रोवून उठायचं. पलंगाची कड दोन हातांवर आहे, तिचा आधार घेतला तरी चालेल. आठवडाभर तू शेजारी बस.

कुलकर्णी_काका · रविवार, संध्याकाळी ५.३०

काम छान झालंय ताई. सूर्यनमस्कार कुठे घालता?

मधुरा_पाथर्डीफाटा · रविवार, रात्री ९.०५

काका, तिथेच, उत्तरेकडे तोंड करून. रविवारी मुलगी उशिरा उठते तेव्हा हॉलमध्ये टीपॉय बाजूला करून पूर्वेकडे तोंड करून घालते. तुमचं म्हणणं मनात असतंच.

सिडकोची_स्नेहा · रविवार, रात्री ९.२०

मधुराताई, युनिटचा फोटो टाका ना. आणि रंधादादा, अडीच फुटी चाकांच्या खोक्याला प्लाय अठराचाच लागेल की बारा मिलिमीटरचा चालेल? मला तो दुसऱ्या मजल्यावर जिन्याने चढवायचाय.